झोपाळू बाळा आणि सोळा मात्रा

रविवार, रात्री

आज पुन्हा बाळा आला नाही. चोडणला पक्षी बघायला जायचं ठरलं होतं, साडेसहाला रायबंदरच्या धक्क्यावर भेटायचं होतं. मांडवीवर धुकं, हातात गरम चहा, सगळे हजर. बाळाला फोन लावला तर म्हणाला, "वाटेर आसां रे!" आणि मागून पंख्याचा घरघर आवाज. स्कूटरला पंखा कधीपासून लागला? शेवटी आम्ही फेरीत चढलो. सलीम अली अभयारण्यातल्या खारफुटीत खंड्याही दिसला, पण माझ्या डोक्यात पंखाच फिरत होता. संध्याकाळी सूड घ्यायला बसलो, कवितेचा.

पहिली ओळ लगेच सुचली: "पों पों करुनी पोदेर गेला". पहाटे भोंगा वाजवत दारावरून पाव विकत जाणारा पोदेर हा गोव्यातला खरा गजर, आणि बाळा त्यालाही दाद देत नाही. पण ओळ म्हणताना अडखळायला झालं, म्हणून मात्रा मोजल्या. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. "पों पों करुनी" आठ, "पोदेर गेला" मात्र नऊ. मला हवं होतं पादाकुलक, म्हणजे ओळीत आठ अधिक आठ मात्रा. टेबलावर टिचक्या मारून बघायचं: प्रत्येक ओळीला चार टिचक्या, दर टिचकीला चार मात्रा. नववी मात्रा आली की बोट हवेतच राहतं. "पोदेर" हा शब्द पाच मात्रांचा, हलवता येत नाही. तो सोडायचा तर माझी तयारी नव्हती, "पाववाला" लिहिलं की कविता पुण्याला जाते. म्हणून क्रियापद तीन मात्रांचं शोधलं: "पोदेर निघे".

मग निघेला जोड "बघे". मोजणी बरोबर, पण कानाला काहीतरी कमी वाटत होतं. घे आणि घे जुळतात, त्यांच्या आधीचे नि आणि ब मात्र दोन दिशांना तोंड करून बसलेत. शेवटचं अक्षर जुळवणं फार सोपं असतं. येतो, जातो, खातो करत अख्खं आयुष्य काढता येईल. यमक घट्ट बसायला आधीचा स्वरही जुळावा लागतो. "वळे" आणि "गळे" सापडलं तेव्हा खुर्चीवरून उठलोच. पोदेर गल्लीत वळतो आणि इकडे लाळ गळते, दोन्ही एकाच वेळी!

फोनच्या ओळींचा पहिला खर्डा असा होता: "वाटेवर मी, सांगे फोनी / मागे घोरत आहे कोणी?" विनोद बरा होता, पण नी आणि णी. कोकणीत बोलतानाही आपण न-ण वेगळे ठेवतो, मग इथे कसं चालवून घ्यायचं? शिवाय बाळा एकटा झोपतो, घोरणारा दुसरा कोण, यावर त्याच्या घरी नसती चर्चा झाली असती. खरा साक्षीदार पंखाच होता, त्यालाच बोलावलं. कुंभकर्ण मात्र मुद्दाम टाळला. त्याला इतक्या जणांनी इतक्या वेळा उठवलंय की आता त्यालाच झोपू द्यावं.

शेवटी हे झालं:

दहा गजर हा लावी रात्री,
गजरांनाही नसते खात्री.

पों पों करुनी पोदेर वळे,
लाळ उशीवर हळूहळु गळे.

"वाटेवर मी," वदली वाणी,
मागुन पंखा गाई गाणी.

खंड्या उडला, फेरी हलली,
याची केवळ कूस बदलली!

"हळूहळु"चा शेवटचा ळू मी ऱ्हस्व केलाय, नाहीतर पुन्हा नऊ मात्रा. एवढी सूट कवीला चालते, आणि झोपेत लाळ गळतानाही काही दीर्घ उच्चार होत नाही. शेवटच्या दोन ओळी मला सगळ्यांत आवडतात. फेरीसारखी अवजड वस्तू हलली आणि बाळाची फक्त कूस. "फेरी वळली" आधी लिहिलं होतं, पण वळलीचा ळ आणि बदललीचा ल पटेना.

साडेनऊला ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हसून घेतलं. बाळाचं काहीच नाही. झोपला असणार.

सोमवार

बाळाचं उत्तर सकाळी अकरा चाळीसला आलं: "लाळ गळत नाही. बाकी मात्रा बरोबर आहेत, मोजल्या."