अडुसष्ट पानं आणि पाच मिनिटं

बुधवार, रात्री साडेअकरा

उद्या डेमो-डे. चाळीत साठवलेला कांदा सडू लागला की सांगणाऱ्या आमच्या यंत्राचा अडुसष्ट पानांचा रिपोर्ट पाच मिनिटांत सांगायचाय. आज संध्याकाळपर्यंत मी तोच रिपोर्ट आखडत बसले होते : प्रस्तावना, मग आधीचं संशोधन, ब्लॉक डायग्राम, सर्किट, निष्कर्ष. सात स्लाइड झाल्या तरी कांदा सडतो हे कुठे आलंच नव्हतं.

मग मामांना फोन केला. चांदवडकडची त्यांचीच कांद्याची चाळ, गेल्या पावसाळ्यात आमची तीन यंत्रं चाळीस दिवस तिथेच होती. विचारलं, चाळीत नेमका त्रास काय होतो, तुमच्या शब्दांत सांगा. म्हणाले, "वास दारापर्यंत येतो तेव्हा आत बरंच गेलेलं असतं. आणि कुठल्या टोकाला सडतंय ते कळत नाही, म्हणून अख्खी चाळ फोडावी लागते." पहिली स्लाइड म्हणून ही दोन वाक्यं जशीच्या तशी ठेवली. आमच्या यंत्राने काय करायला हवं, हे त्यातच येतं : वास माणसाच्या आधी ओळखायचा आणि टोक सांगायचं.

प्रोटोटाइपला दीड मिनिट. ईएसपी३२ बोर्ड, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि वायूसाठी एमक्यू-१३५, हे सगळं प्रत्येकात असलेले तीन डबे चाळीच्या दोन टोकांना आणि मध्ये टांगलेले. रिपोर्टात यावर अकरा पानं आहेत. पण सांगण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती आम्ही चौतिसाव्या पानावर दोन ओळींत उरकली होती. एमक्यू-१३५ फक्त सडक्या कांद्याचा वास ओळखत नाही. धूर, अल्कोहोल, अमोनिया, सगळ्यांनी त्याचा आकडा हलतो आणि हवेतल्या ओलाव्यानेही. त्यामुळे सुरुवातीला पाऊस आला की अलार्म वाजायचा. मग आम्ही ठरावीक आकडा ओलांडला का हे पाहणं सोडलं आणि तिघांचे आकडे चढत्या क्रमाने लावून जो मधला येईल त्याच्याशी प्रत्येक डब्याची तुलना केली. ओलावा वाढला की तिन्ही डबे बरोबरच वर जातात. सडका कांदा असेल तर त्याच्या जवळचा एकच वर जातो. दोन आलेख शेजारी ठेवले की हे न बोलताही दिसतं, म्हणून ब्लॉक डायग्राम काढून तिथे हे आलेख टाकले.

निकालांपाशी मात्र मी आणि माझी जोडीदार तासभर अडलो. रिपोर्टात ठळक अक्षरांत आहे : अचूकता ९६ टक्के. तो आकडा खरा आहे. चाळीस दिवसांचे ९६० तास, त्यातले ९२२ बरोबर. पण सडका कांदा आम्ही फक्त आठ वेळा, दर वेळी सहा तास, क्रेटमधून आत ठेवला होता, म्हणजे ४८ तास. उरलेल्या ९१२ तासांत सडकं काही नव्हतंच. कधीच न वाजणारा डबासुद्धा ९१२ तास बरोबर ठरतो, म्हणजे ९५ टक्के! आमची सगळी मेहनत त्या एका टक्क्यात, असं दिसलं असतं, आणि परीक्षकांपैकी कुणीतरी हे नक्की विचारलं असतं.

म्हणून टक्के काढले. आता स्लाइडवर असं आहे : आठ वेळा सडका कांदा ठेवला, सहा वेळा अलार्म वाजला, साधारण दोन तासांत. दोनदा चुकला. दोन्ही दिवशी वारा जोराचा होता, चाळ दोन्हीकडून उघडी, वास डब्यापर्यंत पोचलाच नाही. खोटा अलार्म तीन रात्री, तिन्ही वेळा पश्चिमेच्या डब्याचा, कारण पावसाची झड थेट त्याच्यावर येत होती आणि ओला तोच एकटा होत होता. म्हणजे आमची तुलनेची युक्ती जिथे मोडते ती जागाही आम्हाला माहीत आहे. जोडीदाराला भीती वाटत होती की चुका दाखवल्या तर गुण जातील. मला वाटतं, हीच स्लाइड सगळ्यांत भक्कम आहे. मामांनाही "आठातले सहा" लगेच कळलं, ९६ टक्क्यांवर ते नुसतं "बरं" म्हणाले होते.

शेवटी प्रत्यक्ष दाखवणं. सेमिनार हॉलमध्ये तालीम करताना कुणीतरी डब्याजवळ सॅनिटायझर हाताला लावलं आणि अलार्म वाजला. आता टेबलाजवळ बाटली येऊ द्यायची नाही. शिवाय हा सेन्सर थंड असताना आकडे भरकटतात, आतली तार बराच वेळ तापलेली हवी. सरांना विचारून तिन्ही डबे हॉलमध्येच रात्रभर चालू ठेवलेत. तरीही उद्या ऐन वेळी काही झालं तर चाळीतल्या एका दिवसाची नोंद लॅपटॉपवर तयार आहे.

घड्याळ लावून तीनदा म्हटलं. पाच मिनिटं वीस सेकंद होतायत. प्रोटोटाइपमधलं तापमानाच्या सेन्सरचं वाक्य काढते. सडके कांदे डब्यात बंद करून खिडकीबाहेर ठेवलेत.