पुणे–दौंड–कुर्डुवाडी–पंढरपूर: फोटोतल्या वेळापत्रकावरून मांडलेला रात्रीचा प्रवास

पुण्याहून पंढरपूरला जायला सोपे मार्ग आहेत, हे आधीच सांगतो. पण आम्हाला दौंडच्या मावशीला सोबत घ्यायचं होतं, शनिवारी सकाळी लवकर पोहोचायचं होतं आणि एसटीने जायला आई तयार नव्हती. म्हणून दौंडला एकदा आणि कुर्डुवाडीला एकदा अशा दोन ठिकाणी गाडी बदलायची ठरली. हाताशी होता मामाने पाठवलेला छापील वेळापत्रकाच्या पानाचा फोटो, थोडा तिरका आणि एका बाजूला सावली पडलेला. याच मार्गाने कुणाला जायचं असेल तर त्या फोटोतून प्रवास कसा मांडला ते सविस्तर लिहितो. खालच्या वेळा माझ्या फोटोतल्या आहेत. वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे पद्धत घ्या, आकडे स्वतःचे भरा.

फोटोतून मी एवढंच उतरवून घेतलं:

पुणे सुटणार १९:०५, दौंड पोहोचणार २०:४७ (लोकल)
दौंड सुटणार ००:२५, कुर्डुवाडी पोहोचणार ०२:०८ (मुंबईहून येणारी एक्सप्रेस)
कुर्डुवाडी सुटणार ०५:३५, पंढरपूर पोहोचणार ०६:४५ (मिरजेकडे जाणारी पॅसेंजर)

मधल्या स्टेशनापुढे दोन वेळा छापलेल्या असतात, वर पोहोचण्याची आणि खाली सुटण्याची. उतरायच्या ठिकाणी वरची घ्यायची, चढायच्या ठिकाणी खालची. गाडी जिथून निघते तिथे फक्त सुटण्याची वेळ असते, म्हणून पॅसेंजरच्या रकान्यात कुर्डुवाडीपुढे एकच आकडा होता. फोटोत एक ओळ कापली गेलीय असं वाटून आई घाबरली होती, पण तसं काही नव्हतं.

आता थांबण्याचा वेळ. दौंडला २०:४७ ला उतरायचं आणि ००:२५ ला चढायचं. मध्ये मध्यरात्र आहे, तेव्हा सरळ दोन तुकडे करायचे. २०:४७ पासून बारापर्यंत ३ तास १३ मिनिटं, बारापासून पुढे २५ मिनिटं, मिळून ३ तास ३८ मिनिटं. माझ्या भावाने हेच कॅल्क्युलेटरवर २४.२५ वजा २०.४७ असं केलं आणि उत्तर काढलं ३.७८. ‘तीन तास अठ्ठ्याहत्तर मिनिटं, म्हणजे सव्वाचार तासांहून जास्त,’ असं त्याने मावशीला कळवूनही टाकलं. कॅल्क्युलेटर हातचा घेतो तो शंभराचा, घड्याळाचा हातचा असतो साठाचा. हातचा घ्यावा लागला की उत्तरात नेमकी ४० मिनिटं जास्त येतात. हातचा लागला नाही तर उत्तर बरोबर येतं, त्यामुळे चूक लगेच लक्षात येत नाही. कुर्डुवाडीचंच बघा, ५.३५ वजा २.०८ केलं तर ३.२७ येतं आणि तिथे खरोखर ३ तास २७ मिनिटंच थांबायचं आहे. मावशीच्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला मात्र ती जास्तीची ४० मिनिटं चांगलीच महागात पडली असती.

गाडीत बसण्याचे वेळ असे: पुणे–दौंड १ तास ४२ मिनिटं, दौंड–कुर्डुवाडी १ तास ४३ मिनिटं, कुर्डुवाडी–पंढरपूर १ तास १० मिनिटं. बेरीज ४ तास ३५ मिनिटं. थांबण्याची बेरीज ७ तास ५ मिनिटं. एकूण ११ तास ४० मिनिटं. ताळा करायला पहिली आणि शेवटची वेळ घ्यायची: १९:०५ पासून मध्यरात्रीपर्यंत ४ तास ५५, पुढे ६ तास ४५, म्हणजे ११ तास ४०. जुळलं.

पण हा ताळा फक्त बेरीज-वजाबाकी तपासतो. फोटोतला आकडाच चुकीचा वाचला असेल तर तो त्याला सापडत नाही. समजा मी ०२:०८ च्या जागी ०२:०३ वाचलं असतं, तर प्रवास ५ मिनिटांनी कमी झाला असता, थांबणं ५ मिनिटांनी वाढलं असतं आणि एकूण वेळ तोच राहिला असता. मधल्या सगळ्या वेळा एकदा अधिक आणि एकदा वजा होतात, त्यामुळे चूक आपोआप पुसली जाते. मधले आकडे तपासायला दुसरं काहीतरी लागतं. इथे ते त्याच रकान्यात होतं. कुर्डुवाडीहून एक्सप्रेस सुटते ०२:१०. पोहोचणं ०२:०८ धरलं तर ती तिथे दोन मिनिटं थांबते, ०२:०३ धरलं तर सात. शेजारच्या रकान्यांतल्या गाड्या तिथे दोन-तीन मिनिटंच थांबत होत्या, म्हणून ०८ पक्कं केलं.

शेवटच्या आकड्याचा घोळ जास्त मोठा होता. पंढरपूरची वेळ सावलीत आली होती, ०६:४५ की ०८:४५ कळेना. इंग्रजी अंकांतले ६ आणि ८ पुसट फोटोत भावंडांसारखे दिसतात. इथे चूक झाली तर एकूण वेळच दोन तासांनी बदलतो आणि वरचा ताळा तरीही जुळतो, कारण त्यातही तोच आकडा जातो. मग डावीकडचा किलोमीटरचा रकाना पाहिला. कुर्डुवाडी ते पंढरपूर साधारण ५२ किलोमीटर. ०६:४५ धरलं तर ताशी ४५ किलोमीटर वेग पडतो, ०८:४५ धरलं तर जेमतेम १६. बार्शी लाईटच्या अरुंद रुळांवरून गाडी जात होती तेव्हा लोकांनी सावकाश प्रवास केला असेल, पण आता ब्रॉडगेज आहे. शिवाय त्याच पानावरची दुसरी गाडी हेच अंतर सव्वा तासात कापत होती. ०६:४५ लिहिलं. अंतराचा रकाना नसेल तर निदान शेजारच्या गाडीला किती वेळ लागतो ते पाहावं.

फोटो तिरका असला की आणखी एक अडचण येते. कडेच्या रकान्यातली वेळ डावीकडच्या स्टेशनच्या नावाशी सरळ रेषेत राहत नाही, एक ओळ वर किंवा खाली सरकलेली दिसते. फोनच्या स्कॅनरने पान सरळ करून घ्यावं, किंवा मोठा करून रकाना वरपासून एकेक स्टेशन मोजत खाली यावं. तुम्हीच फोटो काढणार असाल तर गाडी नंबरची वरची पट्टी, धावण्याचे वार आणि तळटिपा फोटोत येऊ द्या. लोक फक्त वेळांचा फोटो काढतात आणि गाडी रोजची आहे की आठवड्यातून दोनदा, हे बाहेर राहून जातं.

वारांवरून आठवलं, या प्रवासातली सगळ्यात अडचणीची जागा तीच आहे. एक्सप्रेसच्या रकान्यात वार लिहिलेले असतात ते गाडी जिथून सुटते तिथले. आमची गाडी मुंबईहून शुक्रवारी निघते आणि दौंडला येते ००:२५ ला, म्हणजे तारखेने शनिवारी. पानावर ‘शुक्र’ छापलेलं आणि दौंडहून काढायचं तिकीट मात्र शनिवारच्या तारखेचं. आपण पुण्यातून शुक्रवारी संध्याकाळी निघणार म्हणून दौंडचं तिकीटही शुक्रवारचं काढलं, तर त्या तिकिटाची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते, किंवा त्या दिवशी ती गाडीच नसते. मध्यरात्रीच्या आसपासची गाडी असेल तर कागदावर प्रत्येक वेळेपुढे वारही लिहा: शुक्र १९:०५, शुक्र २०:४७, शनि ००:२५, शनि ०२:०८. पॅसेंजर धावते का तेही मग शनिवारच्या हिशोबाने पाहायचं.

दौंडबद्दल एक सूचना. पहिली गाडी निवडताना ती ‘दौंड’ला थांबते की ‘दौंड कॉर्ड लाईन’ला, ते नीट वाचा. मनमाडच्या दिशेने जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मुख्य स्टेशनात न शिरता कॉर्ड लाईनने जातात. स्टेशन कोड `DD` असेल तर जंक्शन, `DDCC` असेल तर कॉर्ड. कॉर्डला उतरलात तर सोलापूरकडची गाडी पकडायला रिक्षाने जंक्शनला यावं लागेल आणि तो वेळ थांबण्यातून वजा करावा लागेल.

पानावर पुण्याहून २२:२० ची, दौंडला २३:५८ ला पोहोचणारी गाडीही होती. तिने गेलो असतो तर एकूण वेळ ११ तास ४० वरून ८ तास २५ वर आला असता आणि पंढरपूरला पोहोचलो असतो त्याच वेळी. कागदावर हा पर्याय छान दिसतो. पण दौंडला हातात उरतात २७ मिनिटं, त्यात जिना चढून फलाट बदलायचा आणि सोबत आईचे गुडघे. मावशीकडची पिठलं-भाकरीही गेली असती. आम्ही लवकरचीच घेतली.

प्रत्यक्षात लोकल पाऊण तास नाही, पण पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोहोचली. रिक्षाने मावशीकडे जाऊन, जेवून, अर्धा तास आधी स्टेशनवर परत येईपर्यंत घरात मिळाले जेमतेम अडीच तास. एक्सप्रेस ४० मिनिटं उशिरा आली आणि तेवढाच उशीर घेऊन कुर्डुवाडीला पावणेतीननंतर पोहोचली. कुर्डुवाडीचं थांबणं त्यामुळे पावणेतीन तासांवर आलं, आणि ते आईला बरंच वाटलं. पॅसेंजर वेळेवर निघाली आणि वेळेवर पोहोचली, म्हणून एकूण ११ तास ४० मिनिटंच झाली. आधीचे दोन्ही उशीर थांबण्याच्या वेळात जिरले. अशा प्रवासात एकूण वेळ ठरवते ती शेवटची गाडी. म्हणून ती चुकली तर पुढची कधी आहे, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. आमच्या पानावर पुढची दहाच्या सुमारास होती. म्हणजे एक्सप्रेस सव्वातीन तासांपर्यंत लेट झाली तरी चालणार होतं, त्याहून जास्त झाली असती तर सरळ एसटी स्टँड गाठायचा असं ठरवलं होतं.

कुर्डुवाडीला रात्री थंडी असते, शाल वरच्या पिशवीत ठेवा. प्रतीक्षालयात तिकीट विचारतात, तेव्हा पुढच्या गाडीचं तिकीट हाताशी असू द्या. दोन गाड्यांची आरक्षणं असतील आणि प्रवासी तेच असतील तर बुकिंग करतानाच दोन्ही पीएनआर जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. आमची लोकल आणि पॅसेंजर विनाआरक्षित असल्याने आम्हाला त्याचा उपयोग नव्हता.

परतीसाठी त्याच फोटोकडे वळाल तर उजवीकडचे रकाने पाहा. बऱ्याच छापील पानांवर परतीच्या गाड्या त्याच स्टेशनांच्या यादीसमोर खालून वर वाचायच्या असतात, आणि पोहोचण्याची वेळ खाली तर सुटण्याची वर येते. वेळा वर जाताना वाढत असतील तर तुम्ही बरोबर दिशेने वाचताय.