धुक्यातला काळा कोट: लेव्हल्स आणि कर्व्ह्जने फोटो जुळवताना

काम तसं साधं होतं. स्टुडिओत काढलेला काळ्या कोटातला माणूस फोटोशॉपमध्ये कापून धुक्यातल्या रस्त्यावर उभा करायचा होता. कटिंग स्वच्छ झालं होतं, उंचीही पर्स्पेक्टिव्हला धरून होती, तरी माणूस वरून चिकटवल्यासारखा दिसत होता. अशा वेळी बरेच जण आधी रंगाला हात घालतात. मी आधी काळा तपासते, कारण धुक्यात खरा काळा नसतोच. वस्तू आणि कॅमेरा यांच्यामधलं धुकं स्वतःचा उजेड मिसळतं आणि वस्तू जितकी लांब, तितका तिचा काळा उजळतो.

म्हणून अख्ख्या बॅकग्राउंडमधला सर्वात गडद ठिपका शोधून उपयोग नाही. तो बहुधा अगदी पुढच्या गवतात सापडतो. माझा माणूस जितक्या अंतरावर उभा होता, साधारण तितक्याच अंतरावर एक विजेचा खांब होता. मी कलर सॅम्पलर घेतला, सॅम्पल साइज पाच बाय पाच ॲव्हरेज ठेवली (एकाच पिक्सेलवर नॉइज फसवतो) आणि खांबाच्या सावलीतल्या बाजूवर एक खूण ठेवली. लाल ४०, हिरवा ४७, निळा ५७. कोटाच्या घडीत दुसरी खूण: ६, ६, ७. चिकटवल्यासारखं का दिसतंय, ते या दोन ओळींतच कळलं. फरक नुसता उजेडाचा नव्हता. खांबाचा काळा निळसर होता, कोटाचा जवळपास शुद्ध.

माणसाच्या लेयरवर लेव्हल्सचा ॲडजस्टमेंट लेयर घेतला आणि आल्ट धरून दोन्ही लेयरच्या मधल्या रेषेवर क्लिक करून क्लिप केला, म्हणजे परिणाम फक्त माणसावर. काळा वर उचलायचा तर खालची आउटपुट लेव्हल्सची पट्टी लागते. वरची इनपुटची पट्टी नेमकं उलटं करते, काळा आणखी खोल नेते. चॅनेल एकेक करून घेतले. लालमध्ये आउटपुटचं काळं टोक ३६, हिरव्यात ४३, निळ्यात ५२. खांबाच्या आकड्यांपेक्षा थोडं कमी, कारण कोट मुळात शून्यावर नव्हता. इन्फो पॅनेलमध्ये तिरप्या रेघेनंतरचे आकडे ४१, ४८, ५८ झाले.

पांढऱ्याचंही तसंच. माणसाच्या खांद्यावर पांढरी पिशवी होती, तिन्ही चॅनेलमध्ये २४८ च्या आसपास. मागचं धुकं २२०, २२४, २२७. त्या अंतरावरची पांढरी वस्तू भोवतालच्या धुक्यापेक्षा झगझगीत दिसणं पटत नाही, म्हणून आउटपुटची पांढरी टोकं २२२, २२६, २२९ वर आणली. पिशवी धुक्यापेक्षा किंचित खाली बसली आणि कोटाची घडीही नेमकी ४०, ४७, ५७ वर आली. इथे खांबासारखा नेमका जोडीदार नव्हता, त्यामुळे थोडं नजरेवरच सोडावं लागलं.

दोन्ही टोकं जुळली, पण कोट अजून स्टुडिओतलाच वाटत होता. खांबाच्या उजळ आणि सावलीतल्या बाजूंत लाल चॅनेलमध्ये ३० चा फरक होता. कोटाच्या बाहीवर मात्र ४० ते १०२, म्हणजे दुप्पट. एवढा कॉन्ट्रास्ट त्या मऊ उजेडात येणारच नाही. हे लेव्हल्सच्या टोकांचं काम नाही, मधल्या उताराचं आहे. वर कर्व्ह्जचा लेयर क्लिप केला, इथेही चॅनेल एकेक करून घेतले; लालमध्ये ४० चा बिंदू जागेवर पक्का केला आणि १०२ चा बिंदू ७० च्या जवळ खाली ओढला. बाही शांत झाली.

पण कर्व्ह एका जागी सपाट केला की दुसरीकडे तो चढा होतोच. इथे तो चेहऱ्यावर चढला. गालाची उजळ बाजू आणि नाकाची सावली यांत अंतर वाढलं, चेहरा कोरीव दिसायला लागला. शिवाय सगळा चेहरा काळवंडला. मग त्याच कर्व्ह्जच्या मास्कवर काळ्या मऊ ब्रशने चेहरा आणि हात वगळले. त्वचेसाठी वेगळा, अगदी हलका कर्व्ह. एकाच कर्व्हमध्ये सगळं बसवायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

बुटांखालची सावली रंगवताना ब्रशचा रंग काळा ठेवला नाही, खांबाचाच ४०, ४७, ५७ घेतला. तीही तेवढ्याच धुक्याआडून दिसते. शुद्ध काळ्याने रंगवली असती तर रस्त्याला भोक पडल्यासारखं वाटलं असतं.

शेवटी सर्वात वर एक तात्पुरता कर्व्ह ठेवला. गडद भागात इतका उभा, की चित्र ओंगळ दिसावं. अशा ताणलेल्या चित्रात न जुळलेला काळा लगेच उघडा पडतो. कोट आणि खांब बरोबरीने उजळले, पण कोटाच्या कॉलरखाली एक पट्टा अजून लालसर निघाला. फक्त त्या पट्ट्यापुरता मास्क केलेला वेगळा कर्व्ह घेऊन लाल चॅनेल किंचित खाली आणला, पुन्हा बघितलं आणि तो तात्पुरता कर्व्ह काढून टाकला.