सुई टोचल्यानंतरचा दिवस आणि हिपॅटायटिस बीचा राहिलेला डोस

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. कापूस वेचणीचे दिवस होते आणि बाजारचा दिवस असल्याने गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. एका शेतकरी काकांची खालची दाढ काढून झाली. त्यानंतर ट्रे आवरताना आमच्या सहायक ताई भूल दिलेल्या सिरिंजला टोपी लावू लागल्या, सुई टोपीच्या बाजूने निसटली आणि ग्लोव्ह भेदून डाव्या तर्जनीत शिरली. ही सुई पोकळ होती आणि नुकतीच रुग्णाच्या हिरडीतून बाहेर आली होती. टाके घालण्याच्या भरीव सुईपेक्षा पोकळ सुईत रक्त अधिक राहते, त्यामुळे जखम लहान दिसली तरी ती किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती.

ताईंनी बोट दाबून रक्त काढायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हाताने स्पिरिटची बाटली उचलली. मी त्यांना दोन्ही गोष्टी थांबवायला सांगितल्या. बोट पिळल्याने विषाणू बाहेर पडतो असा पुरावा नाही. उलट पिळल्याने तेथील पेशींना इजा होते, आणि स्पिरिट किंवा ब्लीचसारख्या दाहक द्रव्याने ती वाढते. ग्लोव्ह काढून, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने बोट नीट धुतले आणि साधी पट्टी बांधली. बोट तोंडात घालण्याची सवय अनेकांना असते, ती तर अजिबात नको.

यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे रुग्णाला जाऊ न देणे. काका कापसाचा बोळा दाताखाली धरून बाहेर बाकावर बसले होते. ते गावाच्या गाडीत बसून निघून गेले असते, तर पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजावर घ्यावा लागला असता. मी त्यांना आत बोलावून स्पष्ट सांगितले की तुमच्यावर कोणताही आळ नाही, पण आमच्या ताईंना तुमच्यासाठी वापरलेली सुई लागली आहे, म्हणून तुमच्या संमतीने रक्त तपासायचे आहे आणि निकाल तुमच्या व उपचार करणाऱ्यांच्या पलीकडे जाणार नाही. ते थोडे घाबरले. "माह्यापायी ताईले काही होईन का?" एवढेच त्यांनी विचारले आणि संमती दिली. एचआयव्ही चाचणीसाठी संमती घेणे 2017 च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. दातांच्या दवाखान्यातील घाई हे ती टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

ग्रामीण रुग्णालयात दोघांचेही रक्त घेतले. ताईंचे रक्त तपासण्यामागे हेतू वेगळा असतो. त्या क्षणी त्यांना आधीपासूनच काही संसर्ग नाही याची नोंद राहावी लागते, नाहीतर सहा महिन्यांनी काही निघाल्यास ते या सुईचे की आधीचे, हे सांगता येत नाही. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करायची असतात. निकाल लांबला असता तर वैद्यकीय अधिकारी पहिली गोळी देऊन मग वाट पाहणार होते. काकांचा एचआयव्हीचा निकाल वेळेत आला आणि तो निगेटिव्ह होता, हिपॅटायटिस सीचाही निगेटिव्ह होता. हिपॅटायटिस बीचा मात्र पॉझिटिव्ह आला. काकांना आयुष्यात कधी कावीळ झाल्याचे आठवत नव्हते, आणि या आजारात असे बऱ्याचदा आढळते.

येथे सगळे लसीवर येऊन ठेपते. लस न घेतलेल्या व्यक्तीला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता सुमारे 6 ते 30 टक्के सांगितली जाते. एचआयव्हीसाठी हाच आकडा साधारण 0.3 टक्के आहे, तरी लोकांना भीती वाटते ती एचआयव्हीचीच. ताई ठामपणे म्हणाल्या, "सर, मी लस घेतली आहे." त्यांच्या यजमानांनी घरून कार्डाचा फोटो पाठवला, तेव्हा त्यावर पहिल्या दोन डोसांच्या तारखा होत्या आणि तिसऱ्याची जागा कोरी होती. सहा महिन्यांनंतरचा हा डोस चुकण्याचे प्रमाण मोठे असावे असे मला वाटते, कारण पहिल्या दोन डोसांत फक्त महिन्याचे अंतर असते आणि नंतर त्याची आठवण कोणी देत नाही.

लस अपुरी आणि रुग्ण पॉझिटिव्ह, अशा स्थितीत दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक म्हणजे हिपॅटायटिस बीचे इम्युनोग्लोब्युलिन, जे तयार प्रतिपिंडे असल्याने लगेच काम करते, आणि दुसरी म्हणजे राहिलेला डोस, जो शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला लावतो. लसीकरण मध्येच थांबले असले तरी पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, जिथे थांबले तिथून पुढे जाता येते. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो 24 तासांत द्यावे. सुई टोचल्यानंतर सात दिवसांपलीकडे त्याचा उपयोग कितपत होतो हे स्पष्ट नाही. तालुक्यात ते कोठेही नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या औषध दुकानांत आधी फोन करून खात्री करून घेतली आणि मगच माणूस पाठवला. ते थंड पेटीत आणावे लागते, पण बर्फाला चिकटून गोठता कामा नये. लसीचेही तसेच आहे, गोठलेली लस निरुपयोगी होते. डोस वजनाप्रमाणे ठरवून संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयातच इम्युनोग्लोब्युलिन एका जागी आणि लस दुसऱ्या दंडात दिली.

ताईंनी दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केले, त्यात काही गैर नव्हते. पुढील तपासण्या पूर्ण होईपर्यंत रक्तदान करायचे नाही, एवढे पथ्य होते. त्यांच्या शेजारणींनी भांडी वेगळी ठेवण्याचा सल्ला दिला होता, त्याला काहीही आधार नाही.

नोंदीच्या बाबतीत आमच्या ओळखीच्या दवाखान्यांत गोंधळ आहे. अनेकांना वाटते की सुई टोचल्यावर 24 तासांत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अहवाल पाठवावा लागतो. जैव-वैद्यकीय कचरा नियम, 2016 मधील ती मुदत मोठ्या अपघातांसाठी आहे, आणि त्या व्याख्येतून सुई टोचण्याच्या घटना स्पष्टपणे वगळल्या आहेत. अशा घटना आणि त्यांवर केलेली उपाययोजना वार्षिक अहवालात द्यायची असते, जो 30 जूनपर्यंत जातो. मी दवाखान्याच्या वहीत वेळ, सुईचा प्रकार, ती कशी लागली, ग्लोव्ह होते की नाही, रुग्णाची तपासणी आणि दिलेले उपचार लिहिले, मात्र रुग्णाचे नाव न लिहिता केसपेपरचा क्रमांक लिहिला. कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे हेही याच नियमांत दवाखानाचालकावर सोपवलेले आहे.

साफसफाई करणाऱ्या मावशींची आणि नव्या मुलाची लस याच निमित्ताने सुरू झाली: 0, 1 आणि 6 महिने, प्रत्येक वेळी दंडात. कमरेत दिलेल्या लसीचा परिणाम कमी होतो. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करायची असते, आणि ती 10 किंवा त्याहून अधिक आल्यास संरक्षण मिळाले असे धरतात. ताईंच्या बाबतीत मात्र एवढ्या लवकर तपासणे फसवे ठरले असते, कारण बाहेरून दिलेली प्रतिपिंडेच मोजली गेली असती. म्हणून सहा महिने थांबलो. तेव्हा त्यांची पातळी 10 च्या कितीतरी वर होती आणि संसर्गाच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या.

मावशींची पातळी तीन डोसांनंतरही 10 च्या खाली राहिली. वाढत्या वयात असे होऊ शकते. त्यांना दुसरी मालिका सुरू केली आहे. तीही लागू पडली नाही, तर त्यांना लसीचे संरक्षण नाही असे धरून, हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लागल्यास महिन्याच्या अंतराने इम्युनोग्लोब्युलिनचे दोन डोस द्यावे लागतील. त्यांच्या कार्डावर तशी नोंद राहील. तोपर्यंत सुया असलेला ट्रे मावशींच्या हाती जात नाही. वापरलेली सुई आम्ही डॉक्टर-सहायकच जागेवर कापून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकतो, आणि टोपी लावायची वेळ आलीच तर ती ट्रेमध्ये आडवी ठेवून एकाच हाताने सुई तिच्यात सरकवतो.