सीआरओ लॉग: लिसाजू आकृतीवरून फेज, आणि ९० अंशाच्या जवळ गेल्यावर काय करायचं

मंडळी, या वेळी जुन्या २० मेगाहर्ट्झच्या अ‍ॅनालॉग सीआरओवर एक्स-वाय मोड नीट हाताळला, म्हणजे आकृत्या बघून खूश होऊन बंद करायचं असं नाही तर त्यातून आकडे काढायचे आणि ते गणिताशी जुळतात का ते बघायचं. सर्किट अगदी साधं घेतलं, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर, तोच १०३ छापलेला, आपल्या इंदूरच्या महाराणी रोडवर मुठीने मिळतो तो. जनरेटरचा सिग्नल रेझिस्टरच्या अलीकडून एक्सला दिला आणि कपॅसिटरवरचा व्होल्टेज वायला. एक्स रेझिस्टरच्या तोंडाशीच घेतल्यामुळे जनरेटरचा आतला रेझिस्टन्स ५० ओहम आहे की ६०० याची काळजी करावी लागत नाही.

आधी दोन्ही इनपुट ग्राउंडवर टाकून ठिपका बरोबर मधोमध आणायचा, आणि हे करताना ब्राइटनेस खाली ठेवा हं, एका जागी थांबलेला ठिपका फॉस्फर जाळतो. मग १ किलोहर्ट्झ लावला, वायचा व्हेरिएबल नॉब फिरवून आकृतीची उंची बरोबर ६ डिव्हिजन केली. उजवीकडे कललेली छान लंबवर्तुळाकार आकृती आली. आता दोनच मापं घ्यायची, मधल्या उभ्या रेषेला ट्रेस वर आणि खाली जिथे छेदतो त्यातलं अंतर A, आणि एकूण उंची B, मग

sin φ = A/B

माझ्याकडे A आलं ३.२ आणि B ६, म्हणजे ०.५३३, म्हणजे साधारण ३२ अंश. गणिताने tan φ = 2πfRC, त्यातून ३२.१ येतं. गुणोत्तरच घ्यायचं असल्यामुळे इथे व्होल्ट प्रति डिव्हिजन कॅलिब्रेटेड नसलं तरी काही बिघडत नाही, नॉब कुठेही असू दे. वाचनात ०.१ डिव्हिजन इकडेतिकडे झालं तर उत्तर एखाद्या अंशाने हलतं, या कामाला ते पुरेसं आहे. आकृती डावीकडे कललेली असेल तर मात्र आलेला कोन १८० मधून वजा करायचा.

खरी गंमत १० किलोहर्ट्झला आहे आणि माझा जास्त वेळ तिथेच गेला. गणित म्हणतं ८१ अंश, त्याचा साइन ०.९८८, म्हणजे B ६ असेल तर A हवं ५.९३. आता सांगा, ५.९३ आणि ६ यातला फरक ट्रेसच्या जाडीत कसा दिसणार? ५.९ वाचलं तर उत्तर ७९.५ अंश, ६ वाचलं तर सरळ ९०! एका डिव्हिजनच्या दहाव्या भागात दहा अंश इकडचे तिकडे. यात सीआरओचा दोष नाही, ९० च्या जवळ साइनचा वक्रच सपाट होतो, त्यामुळे कितीही चांगला स्कोप आणला तरी ही पद्धत तिथे निकामीच. बहुतेक प्रॅक्टिकलच्या वह्यांत sin φ चं सूत्र असतं पण ते कुठे वापरू नये हे लिहिलेलं नसतं, आणि मला वाटतं तेच आधी लिहायला हवं.

तिथे कर्ण मोजायचे. यासाठी एक अट आहे, रुंदी आणि उंची दोन्ही अगदी सारखी हवी. १० किलोहर्ट्झला कपॅसिटरवर मूळ सिग्नलच्या जेमतेम १६ टक्के उरतो, म्हणून एक्स १ व्होल्ट प्रति डिव्हिजनवर ६ डिव्हिजन ठेवला, वाय ०.१ वर नेला आणि व्हेरिएबल नॉबने खाली आणत आकृती ६ बाय ६ च्या चौकोनात बसवली. चौकोन नीट बसला की आकृतीचा लांब अक्ष आपोआप ४५ अंशावर येतो, तो तसा नसेल तर समजा की एक बाजू कमीजास्त आहे. नुसत्या डोळ्याला हे जवळपास वर्तुळच वाटतं पण ट्रेसिंग पेपरची पट्टी तिरकी धरून दोन्ही कर्णांवर खुणा केल्या तर लांब अक्ष ६.४ आणि आखूड ५.५ आला, म्हणजे जवळजवळ एक अख्ख्या डिव्हिजनचा फरक. सूत्र असं

tan(φ/2) = आखूड अक्ष / लांब अक्ष

५.५ भागिले ६.४ म्हणजे ०.८५९, त्यातून φ येतो ८१.३ अंश. मला हे प्रचंड आवडलं, कारण तीच आकृती, तोच स्क्रीन, फक्त पट्टी तिरकी धरली आणि जे मोजता येत नव्हतं ते एखाद-दीड अंशाच्या आत आलं.

अजून एक तपासणी सोडू नका, एकच सिग्नल दोन्ही चॅनलला देऊन फ्रिक्वेन्सी वाढवत जा. सरळ रेषा दिसली पाहिजे, पण एक्सचा अ‍ॅम्प्लिफायर वायपेक्षा हळू असतो त्यामुळे एका जागेनंतर रेष फुगायला लागते. ती फेज सीआरओची स्वतःची आहे, तुमच्या सर्किटची नाही. माझ्याकडे १० किलोहर्ट्झला रेष बारीकच राहते, १०० च्या आसपास पोट दिसायला लागतं, म्हणून त्याच्या वरची मापं मी घेतच नाही. आणि दोन्ही चॅनलचं कपलिंग सारखं ठेवा, एक एसी आणि एक डीसी असेल तर खालच्या फ्रिक्वेन्सीला उगाचच कोन दिसतो.

रामबागेत राहणारे आमचे एक काका, रेडिओ दुरुस्तीत आयुष्य गेलेलं, त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, "कोन काढलास रे, पण पुढे कोण आणि मागे कोण ते यात कुठे दिसतंय?" अगदी बरोबर, ३२ पुढे आणि ३२ मागे दोन्हींची आकृती एकच असते. त्यांनीच उपाय सांगितला, वायच्या बाजूला अजून एक छोटा कपॅसिटर समांतर लावून बघ. मी १ किलोहर्ट्झवर २.२ नॅनोफॅरडचा टेकवला, त्याने वाय अजून मागे जाणार हे नक्की, आणि आकृती जाड झाली, म्हणजे वाय आधीच मागे होता. बारीक झाली असती तर तो पुढे होता असं म्हणायचं.

फ्रिक्वेन्सीच्या गुणोत्तराचं थोडक्यात. मेन्सचे ५० हर्ट्झ ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून एक्सला (थेट प्लगमधून अजिबात नाही), जनरेटर १५० च्या आसपास वायला. वरच्या कडेला आकृती तीन ठिकाणी टेकली, बाजूच्या कडेला एका ठिकाणी, म्हणून वाय एक्सच्या तिप्पट. आकृती मिटून एकाच रेषेची झालेली असताना मोजू नका, टोकांमुळे गोंधळ होतो, ती उघडेपर्यंत थांबा. मेन्सचा साइन शेंड्याला जरा चपटा असतो त्यामुळे आकृती दोन्ही बाजूंना दबल्यासारखी दिसते, मोजणीला त्याने फरक पडत नाही.

आकृती स्थिर राहत नाही, हळूहळू वळत राहते, आणि त्याचंच माप घेता येतं. जनरेटर क्रिस्टलवरचा, १५०.०० ला लावलेला. एक पूर्ण फेरा, म्हणजे फिरून नेमका तोच आकार तशाच कलात यायला १० सेकंद लागले तर फरक ०.१ हर्ट्झ, पण तो तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचा, म्हणून मेन्सचा फरक ०.०३३. हा फरक वर की खाली ते जनरेटर १५०.०५ करून बघायचं, फिरणं मंदावलं तर मेन्स ५० च्या वर आहे. ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहायचं असतं. संध्याकाळी लाइट लागायच्या वेळेला आकृती एका दिशेने फिरता फिरता मंदावली, थांबली, आणि उलटी फिरायला लागली. आता तासातासाने ही नोंद ठेवतोय, पुढच्या लॉगमध्ये आलेख टाकतो.