तिसऱ्या कँडलनंतरचा दिवस: मॉर्निंग स्टार वापरण्याचा माझा अनुभव

दैनिक चार्टवर स्विंग ट्रेडिंग सुरू केल्यानंतर मी पहिल्यांदा आत्मसात केलेली आकृती म्हणजे मॉर्निंग स्टार. चार्टवरची एक कँडल म्हणजे एक दिवस आणि तिची बॉडी म्हणजे उघडत्या व बंद भावांमधले अंतर; बंद भाव खाली आला की ती लाल, वर आला की हिरवी. घसरणीच्या शेवटी एक मोठी लाल कँडल, तिच्याखाली गॅप देऊन उघडलेली लहान बॉडीची दुसरी कँडल आणि पहिल्या कँडलच्या बॉडीच्या मध्याच्या वर बंद होणारी तिसरी हिरवी कँडल, एवढी तिची व्याख्या. तेजीच्या शेवटी हेच उलट क्रमाने घडले की ती इव्हिनिंग स्टार. व्याख्या पाठ झाली, तरी एक शंका बराच काळ राहिली होती. दुसऱ्या कँडलमधला संभ्रम तिसरी कँडल दूर करते, म्हणजे ती स्वतःच पुष्टी आहे. मग चौथ्या दिवसाची वाट कशासाठी पाहायची?

ही शंका सोडवण्यासाठी मी जुने चार्ट उघडून बसले आणि सुरुवात निफ्टीच्या मार्च २०२० मधल्या तळापासून केली. २३ मार्चला निर्देशांक सुमारे १३ टक्के पडून ७,६१०.२५ वर बंद झाला. त्या दिवशी लोअर सर्किट लागून व्यवहार काही काळ थांबलेही होते. २४ मार्चला ७,५११.१० चा नीचांक झाला, पण बंद भाव ७,८०१.०५ आला आणि बॉडी लहान राहिली. ही बॉडी आदल्या दिवसाच्या बॉडीच्या आत असल्यामुळे काटेकोरपणे पाहिल्यास हा मॉर्निंग स्टार नसून ‘थ्री इनसाइड अप’ होतो, मात्र दोन्हींमागचे तर्कशास्त्र एकच आहे. त्या रात्री देशव्यापी लॉकडाउनची घोषणा झाली, आणि तरीही २५ मार्चला निफ्टी ८,३१७.८५ वर, म्हणजे पहिल्या लाल कँडलच्या उघडत्या भावाच्याही बऱ्याच वर बंद झाला. चौथ्या दिवशी, २६ मार्चला, बंद भाव ८,६४१.४५ होता आणि तो तिसऱ्या कँडलच्या उच्चांकापेक्षा स्पष्टपणे वर होता. पुष्टी म्हणतात ती हीच.

तथापि या उदाहरणातला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ३ एप्रिलला निफ्टी परत ८,०८३.८० पर्यंत उतरून बंद झाला. कन्फर्मेशन पाहून ८,६४१ च्या आसपास घेणारा मनुष्य त्या दिवशी साडेपाचशेहून अधिक अंकांनी खाली होता. ७,५११ चा तळ तुटला नाही म्हणून आकृती शाबूत राहिली, पण पुष्टी मिळाली की भाव मागे येतच नाही, ही समजूत तिथे टिकत नाही.

त्याच पद्धतीने मी एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या शेअरचा चार्ट तपासला, तेव्हा दुसरी बाजू दिसली. पहिली लाल कँडल ४८२ ला उघडून ४६१ ला बंद झाली होती, म्हणजे बॉडीचा मध्य ४७१.५०. दुसरी कँडल ४५८ ला उघडून ४५६ ला बंद झाली आणि तिचा नीचांक ४५२ होता. तिसरी ४६० ला उघडून ४७४ ला बंद झाली, उच्चांक ४७६. आकृती पुस्तकात छापावी इतकी नेटकी होती. चौथ्या दिवशी भाव ४७५ ला उघडला, ४७६ च्या वर गेलाच नाही आणि ४६३ ला बंद झाला. त्यानंतरच्या आठवड्यात ४५२ चा तळही तुटला.

कारण तिसऱ्या कँडलच्या घडणीत आहे. सलग घसरणीनंतर ज्यांनी शॉर्ट पोझिशन घेतलेल्या, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने आधीच विक्री केलेली असते, ते भाव थोडा वळताच परत खरेदी करून आपले सौदे कापतात. ही खरेदीच असते, चार्टवर ती हिरवीच दिसते, परंतु ती संपल्यावर मागे नवा खरेदीदार उभा असेलच असे नाही. तिसऱ्या दिवशीची खरेदी कोणी केली, हे त्या कँडलवरून कळत नाही. तिच्या उच्चांकापेक्षा जास्त भाव मोजायला पुढच्या दिवशी कोणी तयार आहे का, एवढे मात्र चौथी कँडल दाखवते. ४७६ च्या वर कोणीही बोली लावली नाही, हेच त्या शेअरने सांगितले होते.

यावरून मी स्वतःसाठी ठरवलेली रीत साधी आहे. चौथी कँडल तिसरीच्या उच्चांकाच्या वर बंद झाली तरच खरेदी. ती तिसरीच्या बॉडीच्या मध्याखाली बंद झाली तर ती आकृती मी यादीतून काढून टाकते. या दोन्हींच्या मध्ये राहिली तर आणखी एक दिवस थांबते, त्याहून अधिक नाही. दिवस चालू असताना भाव उच्चांकाला नुसता स्पर्श करून आला, याला मी पुष्टी मानत नाही.

या थांबण्याची किंमत मोजावी लागते आणि ती आधीच हिशेबात धरलेली बरी. वरच्याच शेअरचा चौथा बंद भाव ४८१ आला असता, तर ४५१ च्या स्टॉप लॉससह प्रत्येक शेअरमागे ३० रुपयांची जोखीम झाली असती. तिसऱ्या दिवशी ४७४ ला घेतल्यास ती २३ रुपये होती. एका सौद्यात ६,००० रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत असे ठरवले असेल, तर पहिल्या पर्यायात २०० आणि दुसऱ्यात सुमारे २६० शेअर घेता येतात. म्हणून कन्फर्मेशननंतर मी शेअरची संख्या कमी करते, स्टॉप लॉस जवळ ओढत नाही. तळाच्या वर लावलेला स्टॉप लॉस आकृती मोडण्याआधीच उडतो. चौथा दिवस फार मोठ्या गॅपने उघडला आणि जोखीम दुप्पट झाली, तर सौदा सोडून देणेच मला पटते, मग तो शेअर कितीही वर जावो.

एक बारकावा चार्ट पाहतानाच ध्यानात आला. एनएसईच्या रोख बाजारात बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी धरून काढला जात असे. त्यामुळे साडेतीनला शेवटचा सौदा ४७२ ला झालेला असला, तरी अधिकृत बंद भाव ४७०.८० येऊ शकत असे, आणि मध्यबिंदू ४७१.५० असेल तर आकृती मुळात पूर्णच होत नसे. सीमेवरच्या कँडलसाठी मी संध्याकाळी एक्स्चेंजची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या अधिकृत भावांची फाइल, उघडून आकडा ताडून पाहते. शेअर त्या दिवशी एक्स-बोनस किंवा एक्स-स्प्लिट झालेला नाही ना, हेही तेव्हाच पाहिले जाते, कारण समायोजन न केलेल्या चार्टवर तो फरक प्रचंड घसरणीसारखा दिसतो.

इव्हिनिंग स्टारला मात्र मी हेच माप लावत नाही. रोख बाजारात शॉर्ट सौदा रात्रभर ठेवता येत नसल्यामुळे ही आकृती माझ्यासाठी हातातला शेअर विकण्यापुरतीच उपयोगाची आहे, आणि तिथे उशिराची किंमत नफ्यातून जाते. म्हणून तिसरी कँडल पहिलीच्या मध्याखाली बंद झाली की अर्धे शेअर मी पुढच्या दिवशी सकाळीच विकते. उरलेले अर्धे, चौथी कँडल तिसरीच्या नीचांकाखाली बंद झाल्यावर.