टाळी एकच, पण दोन कॅमेऱ्यांत वेगवेगळी

साताऱ्यातल्या एका शाळेच्या क्रीडादिनाचं शूटिंग यंदा माझ्याकडे होतं. एक कॅमेरा अंतिम रेषेच्या जरा पुढे ट्रायपॉडवर, दुसरा भाच्याच्या हातात, स्टार्टरच्या शेजारी. दोन्ही सेकंदाला ५० फ्रेमवर आणि शटर १/५०० वर, म्हणजे धावणारे पाय पुसट होत नाहीत आणि २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाची स्लो मोशन स्वच्छ मिळते.

भाचा म्हणाला, "मामा, मी समोरच्या बाजूला जातो की. चेहरे चांगले दिसतील." मी त्याला मंडपाच्याच बाजूला थांबवलं. ट्रॅकच्या दोन्ही अंगांनी शूटिंग केलं, तर एका शॉटमध्ये मुली उजवीकडे पळतात आणि पुढच्यात डावीकडे. बघणाऱ्याला वाटतं, मागे फिरल्या की काय! शिवाय सकाळचं ऊन मंडपाच्या मागून येत होतं. समोरून सगळे चेहरे काळे आले असते.

खरी गंमत एडिटिंगला बसल्यावर कळली. मुलींच्या शंभर मीटर फायनलचे दोन्ही शॉट सॉफ्टवेअरने आवाजावरून आपोआप जुळवले. स्टार्टरच्या लाकडी क्लॅपरचा 'टक्' दोन्हीकडे एकाच जागी बसला, पण भाच्याच्या शॉटवरून माझ्या शॉटवर कट मारला की सगळ्या मुली हातभर नाही, चांगल्या दीड-दोन मीटर पुढे उडी मारायच्या.

माझा शॉट एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. लांबवर क्लॅपरच्या फळ्या मिटलेल्या दिसतात, मुली हलायला लागतात आणि 'टक्' त्यानंतर ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर यायला त्याला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर हे सात फ्रेम झाले. उशीर आवाजाला झालेला, सॉफ्टवेअरने मात्र चित्रच तेवढं अलीकडे ओढलं होतं. मग फळ्या मिटल्याची फ्रेम दोन्हीकडे शोधून काढली आणि माझा शॉट सात फ्रेम उजवीकडे सरकवला. उडी गेली. टक्-चा आवाज भाच्याच्या कॅमेऱ्याचाच ठेवला, माझा तिथे बंद केला. नाहीतर तो दोनदा वाजतो. रस्सीखेचीला ही भानगड नव्हती, दोघं जवळजवळच उभे होतो.

रील दोन मिनिटांची केली. अंतिम रेषेवर छाती पुढे काढणारी मुलगी तेवढी स्लो मोशनमध्ये, बाकी सगळं आहे त्या वेगात. सारखी स्लो मोशन लावली की शर्यतीतली चुरसच जाते, असं माझं ठाम मत आहे. बाईंना फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि छातीवरचे नंबरसुद्धा नीट वाचता येत नाहीत.